विसात आठ आणि शंभरात चाळीस: नुसत्या अंदाजावर पास होण्याची शक्यता कशी काढायची

सोलापुरात सात रस्त्याजवळ मी भरतीच्या मुलांना गणित शिकवतो. दर रविवारी वीस प्रश्नांची चाचणी घेतो. प्रत्येक प्रश्नाला अ, ब, क, ड असे चार पर्याय, बरोबर उत्तराला एक गुण, चुकीला काही कापत नाही, आणि पासिंग आधी आठला होतं. अक्कलकोट रस्त्याकडून येणारा एक मुलगा एकदा पेपर हातात घेऊन म्हणाला, "सर, विसाला आठ म्हणजे चाळीस टक्के. पोलीस भरतीच्या लेखीलाबी शंभराला चाळीसच लागतेत. मग हितं अंदाजपंचे निघतंय तर तिथंबी निघंल की."

त्याचं टक्क्यांचं गणित बरोबर होतं, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष साफ चुकीचा होता. टक्के सारखे असले तरी अंदाजावर पास होण्याची शक्यता सारखी नसते. तो फरक किती आहे हे कागदावर काढता येतं, आणि त्यासाठी बारावीच्या पुस्तकातलं द्विपद वितरण पुरतं. बारावी आर्ट्‌सवाल्यांनी घाबरायचं कारण नाही. गुणाकार, भागाकार आणि बेरीज येत असेल तर पुढचं सगळं जमेल. जवळ मोबाइलचा कॅल्क्युलेटर ठेवा.

आधी तीन आकडे पक्के करा

एकूण प्रश्न किती, प्रत्येकाला पर्याय किती, आणि पास व्हायला किमान किती प्रश्न बरोबर यावे लागतात, हे तीन आकडे कागदाच्या वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. तिसऱ्या आकड्यात गडबड होते, कारण नियम टक्क्यांत दिलेला असतो आणि आपल्याला प्रश्नांची संख्या हवी असते. तीस प्रश्नांच्या पेपरला ३५ टक्के पासिंग असेल तर हिशोब साडेदहावर येतो. अर्धा प्रश्न बरोबर येत नाही, म्हणून तिथे अकरा धरायचे. नेहमी वरचा पूर्णांक घ्यायचा, जवळचा नाही. एका प्रश्नाने शक्यता किती बदलते ते पुढे दिसेलच.

आमच्या रविवारच्या चाचणीसाठी हे आकडे तेव्हा वीस, चार आणि आठ होते.

एका प्रश्नाची शक्यता

नुसता अंदाज म्हणजे प्रश्न न वाचता, चारपैकी कोणताही एक गोळा रंगवायचा. असं केलं तर बरोबर येण्याची शक्यता पाव, म्हणजे ०.२५, आणि चुकण्याची पाऊण, म्हणजे ०.७५. पहिल्या प्रश्नाला काय झालं याचा दुसऱ्या प्रश्नावर काही परिणाम होत नाही. लागोपाठ सहा चुकले म्हणून सातवा "आता तरी येणारच" असं काही नसतं. तिथेही पाव ती पावच.

अंदाज खरोखर यादृच्छिक हवा असेल तर चार सारख्या चिठ्ठ्यांवर अ, ब, क, ड लिहा, घडी घाला, एक उचला, उत्तर नोंदवा, चिठ्ठी परत टाका, मिसळा आणि पुढच्या प्रश्नाला पुन्हा उचला. चिठ्ठी परत टाकायला विसरलात तर पुढचा अंदाज आधीच्या चिठ्ठीवर अवलंबून राहतो आणि खालचं सगळं गणित कोसळतं.

आधी पाच प्रश्नांवर हात बसवा

वीस प्रश्नांवर एकदम उडी मारू नका. पाच प्रश्नांची छोटी चाचणी घ्या आणि पास व्हायला दोन बरोबर हवेत असं धरा. म्हणजे इथेही चाळीस टक्केच.

पाच प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, म्हणून उत्तरपत्रिका भरण्याचे एकूण प्रकार ४ × ४ × ४ × ४ × ४, म्हणजे १०२४. अंदाज मारणाऱ्याच्या हातून यातला कोणताही एक प्रकार सारख्याच शक्यतेने पडतो. आता त्यातले पास होणारे किती ते मोजायचं.

एकही बरोबर नाही असे प्रकार किती? प्रत्येक प्रश्नाला चुकीचे पर्याय तीन, म्हणून ३ पाचदा गुणा: २४३. नेमका एकच बरोबर असे किती? बरोबर आलेला तो एक प्रश्न पहिला, दुसरा, तिसरा, चौथा किंवा पाचवा असू शकतो, म्हणजे पाच जागा. उरलेले चार चुकायचे ८१ प्रकार. ५ × ८१ = ४०५.

नेमके दोन बरोबर यायचे असतील तर त्या दोन जागा निवडायला किती प्रकार? हे एकदा स्वतःच्या हाताने लिहून बघा:

✓✓✗✗✗, ✓✗✓✗✗, ✓✗✗✓✗, ✓✗✗✗✓, ✗✓✓✗✗, ✗✓✗✓✗, ✗✓✗✗✓, ✗✗✓✓✗, ✗✗✓✗✓, ✗✗✗✓✓

दहा झाले. प्रत्येकात उरलेले तीन प्रश्न चुकायचे २७ प्रकार, म्हणून १० × २७ = २७०. याच पद्धतीने तीन बरोबरचे ९०, चार बरोबरचे १५ आणि पाचही बरोबरचा १. सगळ्यांची बेरीज करा: २४३ + ४०५ + २७० + ९० + १५ + १ = १०२४. बेरीज बरोबर जुळली म्हणजे मोजण्यात काही सुटलं नाही. ही तपासणी कधीही टाळू नका.

दोन किंवा जास्त बरोबर असलेले प्रकार २७० + ९० + १५ + १ = ३७६. त्याला १०२४ ने भागलं की ०.३६७ येतं. म्हणजे पाच प्रश्नांच्या चाचणीत काहीही न वाचता पास होण्याची शक्यता जवळपास ३७ टक्के. शंभर जणांनी डोळे झाकून गोळे रंगवले तर सदतीसच्या आसपास पास.

नवशिके "दोन बरोबर" ची शक्यता काढताना पाव गुणिले पाव गुणिले पाऊण तीनदा असं करून थांबतात. ते उत्तर वर लिहिलेल्या दहांपैकी फक्त एका ओळीचं असतं. जागा निवडण्याचे प्रकार गुणायचे राहतात आणि उत्तर दहापट लहान येतं.

सूत्र, आणि हाताने करायची सोपी वाट

वर केलेलंच सूत्रात लिहिलं तर असं दिसतं:

P(X = k) = C(n, k) · p^k · (1 − p)^(n − k)

n म्हणजे एकूण प्रश्न, k म्हणजे बरोबर आलेले, p म्हणजे एका प्रश्नाची शक्यता, आणि C(n, k) म्हणजे n जागांतून k जागा निवडायचे प्रकार. पाचातून दोन जागांचे दहा प्रकार आपण हाताने लिहिले, तेच C(5, 2).

वीस प्रश्नांना C(20, 7) सारखे मोठे आकडे येतात आणि मुलं तिथे अडकतात. मी त्यांना दुसरी वाट शिकवतो. शून्य बरोबरची शक्यता एकदाच काढायची, आणि तिच्यावरून एक, एकावरून दोन, असं पायरी पायरीने पुढे जायचं.

शून्य बरोबर म्हणजे विसाच्या वीस चूक: ०.७५ वीस वेळा गुणायचं. त्यासाठी वर्ग करत जा. ०.७५ चा वर्ग ०.५६२५, त्याचा वर्ग ०.३१६४, त्याचा ०.१००१, त्याचा ०.०१००. हा शेवटचा सोळावा घात झाला. वीस म्हणजे सोळा अधिक चार, म्हणून सोळावा घात गुणिले चौथा घात: ०.००३१७. (मधले आकडे मी इथे छोटे करून लिहिलेत. कॅल्क्युलेटरवर सगळे अंक तसेच ठेवा.)

आता पुढच्या पायरीचा नियम. एका बरोबर उत्तरावर जायला २०/१ ने गुणा आणि ३ ने भागा. दोनवर जायला १९/२ ने गुणा आणि ३ ने भागा. तीनवर जायला १८/३, चारवर १७/४. वरचा आकडा एकेकाने उतरतो, खालचा एकेकाने चढतो, आणि दरवेळी तीनने भागायचं. तो तीन कुठून आला? एक चूक उत्तर काढून तिथे बरोबर ठेवलं की पाऊणच्या जागी पाव येतो, आणि पाव हा पाऊणचा तिसरा हिस्सा. पर्याय पाच असतील तर तीनच्या जागी चार येईल, तीनच पर्याय असतील तर दोन.

असं करत गेलं की हा तक्ता तयार होतो:

| बरोबर उत्तरं | शक्यता |
|---|---|
| ० | ०.००३२ |
| १ | ०.०२११ |
| २ | ०.०६६९ |
| ३ | ०.१३३९ |
| ४ | ०.१८९७ |
| ५ | ०.२०२३ |
| ६ | ०.१६८६ |
| ७ | ०.११२४ |

पाचपर्यंत आकडे चढतात आणि सहापासून उतरतात. हे अपेक्षितच आहे, कारण विसाचा पाव म्हणजे पाच. तुमच्या तक्त्यात शिखर भलतीकडेच आलं असेल तर कुठेतरी तीनने भागायचं राहिलंय असं समजा.

बेरीज कुठून कुठपर्यंत

पास होणं म्हणजे "नेमके आठ" नव्हे, "आठ किंवा त्याहून जास्त". आठपासून वीसपर्यंत तेरा आकडे काढण्यापेक्षा नापासांची बेरीज करून ती एकातून वजा करणं सोपं. शून्य ते सातची बेरीज ०.८९८ भरते. एकातून वजा केली की ०.१०२.

म्हणजे आमच्या रविवारच्या चाचणीत पुस्तक न उघडलेला मुलगा पास होण्याची शक्यता सुमारे दहा टक्के. दहातला एक.

स्प्रेडशीटमध्ये हेच एका ओळीत होतं:

```
=1-BINOM.DIST(7,20,0.25,TRUE)
```

इथे सात लिहिलंय, आठ नाही, हे नीट बघा. BINOM.DIST हे फल शेवटी TRUE दिलं की शून्यापासून त्या आकड्यापर्यंतची, तो आकडा धरून, बेरीज देतं. आठ टाकलंत तर नेमके आठ मिळवून काठावर पास झालेले सगळे नापासांत मोजले जातात, आणि उत्तर ०.१०२ ऐवजी ०.०४१ येतं. सुरुवातीचं 1- काढून, शेवटी TRUE ऐवजी FALSE टाकून ८ लिहिलंत तर फक्त नेमक्या आठची शक्यता मिळते, ०.०६१. तिन्ही उत्तरं दिसायला पटण्यासारखी आहेत, म्हणून चूक डोळ्याला खटकत नाही. खात्री करायची असेल तर सूत्रात आधी पाच प्रश्नांचं उदाहरण टाका. =1-BINOM.DIST(1,5,0.25,TRUE) चं उत्तर ०.३६७ आलं तर तुमची मांडणी बरोबर आहे.

पायथन येत असेल त्यांच्यासाठी:

```python
from math import comb
n, p, k = 20, 0.25, 8
print(sum(comb(n, i) * p**i * (1-p)**(n-i) for i in range(k, n+1)))
```

आता शंभरात चाळीस

त्या मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. पोलीस शिपाई भरतीची लेखी परीक्षा शंभर गुणांची असते आणि त्यात किमान ४० टक्के गुण लागतात. प्रश्न शंभर, पर्याय चार आणि चुकीला कपात नाही असं धरून वरच्याच सूत्रात 100 आणि 39 टाका. उत्तर ०.०००६९ येतं. दहा हजारांत सात.

विसात आठ काढायला दहातला एक, शंभरात चाळीस काढायला साधारण साडेचौदाशेतला एक. टक्के तेच, पण शक्यता जवळपास दीडशेपट कमी. मधले टप्पेही बघून घ्या. चाळीस टक्क्यांचीच अट ठेवली तर पाच प्रश्नांत ३७ टक्के, दहा प्रश्नांत २२ टक्के, विसात १० टक्के, पन्नासात १.४ टक्के आणि शंभरात ०.०७ टक्के.

हे असं का होतं, ते समजून घेणं या सगळ्या हिशोबापेक्षा मला जास्त मोलाचं वाटतं. अंदाज मारणाऱ्याला सरासरी पाव उत्तरं बरोबर येतात: विसात पाच, शंभरात पंचवीस. पास व्हायला त्याला सरासरीच्या वर जावं लागतं, विसात तीनने आणि शंभरात पंधराने. हे अंतर प्रश्नांच्या प्रमाणात पाचपट वाढलं. पण नशिबाने गुण वर-खाली होण्याचा पल्ला पाचपट वाढत नाही. तो n × p × (1 − p) च्या वर्गमुळाने ठरतो, आणि त्याला प्रमाण विचलन म्हणतात. विसाला तो १.९४ आणि शंभराला ४.३३, म्हणजे सव्वादोनपटच वाढला. विसाच्या पेपरात पासची रेषा सरासरीपासून दीड पल्ल्यावर आहे, शंभराच्या पेपरात साडेतीन पल्ल्यांवर. दीड पल्ला नशिबाने ओलांडला जातो. साडेतीन पल्ले क्वचितच.

काही जण इथे घंटेच्या आकाराचा प्रसामान्य वक्र वापरून झटपट उत्तर काढतात. मधल्या भागात ते चालतं, पण इथे वरच्या टोकाला ते कमी सांगतं. शंभरात चाळीससाठी तो वक्र ०.०००४ च्या आसपास देतो, खरं उत्तर ०.०००७. स्प्रेडशीट हाताशी असताना ही तडजोड करायची गरज नाही.

आणि भरतीची तयारी करणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावं, की चाळीस ही फक्त अपात्र न ठरण्याची रेषा आहे. निवड गुणवत्ता यादीवर होते. हा सगळा हिशोब त्या यादीबद्दल काहीच सांगत नाही.

एकाची शक्यता आणि वर्गाची शक्यता

दहा टक्के हा आकडा एका मुलासाठी आहे. साठ जणांच्या बॅचने न वाचता पेपर दिला तर सरासरी सहा जण पास होतील, आणि एकही पास न होण्याची शक्यता ०.८९८ चा साठावा घात, म्हणजे हजारात दोनहूनही कमी. त्यामुळे "आमच्या वर्गातला एक जण काही न वाचता पास झाला" हे ऐकून चकित व्हायचं कारण नाही. कोणीच झाला नसता तर नवल. तोच हिशोब पुन्हा पुन्हा दिलेल्या चाचणीला लागू होतो. दरवेळी नवा पेपर, दरवेळी दहा टक्के, आणि पाच वेळा बसायची मुभा असेल, तर एकदा तरी पास होण्याची शक्यता १ − ०.८९८⁵, साधारण ४२ टक्के.

इथेच शिक्षक आणि पालक एक उलटा अर्थ काढतात, आणि तो मला फार खुपतो. "अंदाजावर पास व्हायची शक्यता दहा टक्के, म्हणजे पास झालेला मुलगा नव्वद टक्के अभ्यास करूनच पास झाला." तसं नाही. समजा साठांतल्या पन्नास जणांनी नीट अभ्यास केला आणि ते सगळे पास झाले, आणि दहा जणांनी अंदाज मारला. त्या दहांतला एक पास होईल. एकूण पास एक्कावन्न, त्यात अंदाजवाला एक. आता आकडे उलटे करा: दहा जणांनी अभ्यास केला, पन्नास जणांनी अंदाज मारला. पन्नासांतले पाच पास. एकूण पास पंधरा, त्यातले पाच अंदाजवाले, म्हणजे तिसरा हिस्सा. पेपर तोच, शक्यता तीच दहा टक्के, पण पास झालेल्यांपैकी अंदाजवाले किती हे वर्गात किती जण वाचून आले यावर ठरतं. फक्त गुणपत्रिकेवरून एखाद्या मुलाला "तुक्क्याने पास झालास" म्हणणं म्हणूनच चूक. त्याच्यासाठी हा हिशोब पुरावा नाही.

थोडंफार येत असेल तर

विसाच्या विसांना अंदाज मारणारा खऱ्या आयुष्यात विरळाच. समजा मुलाला तीन प्रश्न खात्रीने येतात आणि बाकी सतरांना तो अंदाज मारतो. तीन गुण खिशात आहेत, त्यामुळे आता सतरांतले पाच हवेत:

```
=1-BINOM.DIST(4,17,0.25,TRUE)
```

उत्तर ०.४२६. फक्त तीन प्रश्न येत होते आणि पास होण्याची शक्यता दहा टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेली. लहान पेपरात काठावरच्या मुलाला नशीब केवढा हात देतं ते यावरून कळतं.

दुसरा प्रकार पर्याय गाळण्याचा. एकही उत्तर येत नाही, पण प्रत्येक प्रश्नात एक पर्याय उघड चुकीचा आहे हे ओळखता येतं, तर उरलेल्या तिनांत अंदाज मारायचा. p आता एक तृतीयांश होतो, आणि विसात आठची शक्यता ३४ टक्के येते. पेपर काढणारे चौथा पर्याय भरीला म्हणून काहीही टाकतात, तेव्हा कागदावर चार पर्याय दिसले तरी हिशोबात तीनच असतात. आणि "चूक की बरोबर" असे दोनच पर्याय असतील तर? p अर्धा होतो आणि विसात आठ काढायची शक्यता ८७ टक्के. तसल्या चाचणीला चाळीस टक्के पासिंग ठेवण्यात काही अर्थ नाही, कारण अंदाजाची सरासरीच दहा आहे.

चुकीला गुण कापले तर

समजा प्रत्येक चुकीला पाव गुण कापतात आणि पासिंग तेच, आठ गुणांना. आता पुन्हा पहिल्या पायरीवर जाऊन तिसरा आकडा नव्याने काढायचा. विसाच्या विसांना उत्तर देणाऱ्याचे c बरोबर आले तर गुण c − (20 − c)/4. दहा बरोबर आले तर १० − २.५ = ७.५, नापास. अकरा आले तर ११ − २.२५ = ८.७५, पास. म्हणजे आठ नव्हे, अकरा बरोबर हवेत. अकरा किंवा जास्त यायची शक्यता ०.००३९, हजारात चार. दहा टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्याच्याही खाली.

गंमत अशी की पाव गुण कापूनही प्रत्येक अंदाजाची सरासरी किंचित फायद्याचीच राहते: ०.२५ − ०.७५ × ०.२५ = ०.०६२५. एक तृतीयांश गुण कापला की ती बरोबर शून्य होते. सरासरीने अंदाज परवडतो, पण त्या सरासरीवर पासची रेषा गाठता येत नाही. हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि मुलं त्यांची सरमिसळ करतात.

हा हिशोब कुठे लागू होत नाही

"सगळीकडे ब मारा, पाव तरी बरोबर येतातच," हा सल्ला तुम्ही ऐकला असेल. त्याला द्विपद वितरण लावू नका. पेपर काढणाऱ्याने उत्तरसूचीत अ, ब, क, ड प्रत्येकी पाच ठेवले असतील तर सगळीकडे ब मारणाऱ्याला नेमके पाच मिळतात. सहाही नाही, चारही नाही. त्याची पास होण्याची शक्यता दहा टक्के नसून शून्य आहे. सरासरी तीच पाच, पण वर-खाली होण्याचा पल्लाच उरला नाही, आणि अंदाजवाला पास होतो तो त्या पल्ल्याच्या जोरावरच. उलट उत्तरसूचीत चुकून आठ ब आले असतील तर तोच मुलगा हमखास पास. इथे शक्यता मुलाच्या हातात नसून उत्तरसूचीत आहे.

शेजाऱ्याचं बघून गोळे रंगवले तरी वर्गाचा हिशोब बिघडतो. दोघांचे निकाल एकत्र वर-खाली होतात, म्हणून "साठांतला एकही नाही" सारखे आकडे तिथे खोटे ठरतात. मात्र एका उताऱ्यावर चार प्रश्न असले तरी चिठ्ठ्या उचलणाऱ्याला फरक पडत नाही. प्रश्न एकमेकांशी जोडलेले असोत, त्याच्या चिठ्ठ्या जोडलेल्या नाहीत. उतारा अर्धामुर्धा समजलेल्या मुलाचं मात्र तसं नसतं. त्याचे चारही बरोबर किंवा चारही चूक यायची शक्यता वाढते, आणि तिथे हे सूत्र जपून वापरावं.

स्वतःच्या चाचणीची रेषा ठरवताना

पेपर तुम्हीच काढत असाल तर उलट्या बाजूने चाला. आधी ठरवा की अंदाजवाला पास होण्याची शक्यता जास्तीत जास्त किती चालेल. एक टक्का म्हणू. मग तिसरा आकडा एकेकाने वाढवत सूत्रात टाकत जा. वीस प्रश्न आणि चार पर्यायांना आठवर १०.२ टक्के येतात, नऊवर ४.१, दहावर १.४ आणि अकरावर ०.४. एक टक्क्याची अट अकरावर पाळली जाते, म्हणजे पासिंग ५५ टक्के. चाळीस टक्केच ठेवायचे असतील तर प्रश्न वाढवावे लागतात, आणि पन्नास प्रश्नही थोडे कमीच पडतात, कारण तिथे १.४ टक्के आहेत. चुकीला पाव गुण कापून वीस प्रश्नांना आठ गुण ठेवले तरी एक टक्क्याच्या आत बसतं, पण मग उत्तर येत नसलेला प्रश्न कोरा सोडायचा की नाही हे मुलांना आधी स्पष्ट सांगावं लागेल. आमच्या बॅचला वेळ पाऊण तासच मिळतो, पन्नासहून जास्त प्रश्न त्यात बसत नाहीत, म्हणून मी वीस प्रश्न ठेवून पासिंग अकराला नेलं.